अल्फा-१ अँटीट्रिप्सिन : कोणाची तपासणी करावी आणि ‘सामान्य’ अहवालावर कधी थांबू नये

प्रश्न : “माझ्याकडे सध्या दोन रुग्ण आहेत. एक ४२ वर्षांचे गृहस्थ. धूम्रपान थोडेच केलेले, तरी सीटीमध्ये बराच एम्फिसीमा दिसतो. दुसऱ्या ५८ वर्षांच्या बाई. सिरोसिस आहे, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, दारू कधीच नाही, वजन मात्र जास्त. बाईंची अल्फा-१ अँटीट्रिप्सिनची पातळी ११२ आली आणि प्रयोगशाळेने ती सामान्य म्हटली आहे. अशा रुग्णांपैकी नेमकी कोणाची ही तपासणी करावी, आणि बाईंच्या बाबतीत इथेच थांबावे का?”

उत्तर :

तपासणी दोघांचीही करावी. गृहस्थांच्या बाबतीत तर पुढच्या भेटीचीही वाट पाहू नये. बाईंच्या बाबतीत ११२ या आकड्यावर थांबू नये. मात्र तो आकडा निरुपयोगी आहे असेही नाही. तो एक शक्यता जवळजवळ मोडीत काढतो आणि दुसरी तशीच उघडी ठेवतो. हा फरक कळण्यासाठी या आजाराच्या एका वैशिष्ट्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण कोणाची तपासणी करायची आणि कोणती करायची हे दोन्ही त्यावरूनच ठरते.

अल्फा-१ अँटीट्रिप्सिन हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते, पण त्याचे खरे काम फुफ्फुसात असते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचे विकर सोडतात, आणि त्या विकराने फुफ्फुसाच्या लवचिक जाळ्यालाच खाऊन टाकू नये म्हणून हे प्रथिन त्याला जखडून ठेवते. झेड या सर्वांत परिचित दोषात प्रथिनाच्या साखळीतील ३४२व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते. एवढ्या एका बदलामुळे प्रथिनाची घडी सैल राहते, एका रेणूचा मोकळा फास शेजारच्या रेणूत अडकतो आणि यकृताच्या पेशीतच त्यांच्या माळा तयार होतात. माळेत अडकलेले प्रथिन रक्तात उतरत नाही. म्हणजे फुफ्फुसाचा आजार तुटवड्यामुळे होतो आणि यकृताचा आजार साठ्यामुळे. एकाच जनुकातून दोन अवयव बिघडतात, पण दोन वेगळ्या कारणांनी.

यातून एक नियम निघतो, आणि तो मी माझ्या शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगतो : फुफ्फुसासाठी प्रश्न ‘किती’ असा असतो, यकृतासाठी ‘कोणता’ असा. ज्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती काहीच प्रथिन बनवत नाहीत, त्याच्या रक्तातील पातळी शून्य असते आणि फुफ्फुसाला सर्वाधिक धोका असतो. पण साठायलाच काही नसल्यामुळे त्याचे यकृत निरोगी राहते. उलट ज्याची एक प्रत चांगली आणि एक झेड आहे, त्याच्या फुफ्फुसाला पुरेल इतके प्रथिन रक्तात असते, तरी यकृतात थोडा साठा होतच असतो. पातळीचा आकडा पहिल्याला नेमका पकडतो आणि दुसऱ्याला सहज सुटू देतो.

आता फुफ्फुसाचे रुग्ण. ‘लवकर झालेला एम्फिसीमा’ म्हणताना सर्वसाधारणपणे ४५ वर्षांच्या आतला रुग्ण डोळ्यांसमोर असतो, आणि अशा प्रत्येकाची तपासणी झालीच पाहिजे यात दुमत नाही. माझे मत मात्र त्यापुढचे आहे. ब्रॉन्कोडायलेटर देऊनही ज्याचा श्वासमार्गातील अडथळा पूर्ण सुटत नाही, अशा प्रत्येक प्रौढाची ही तपासणी आयुष्यात एकदा व्हावी, मग वय कितीही असो आणि धूम्रपान कितीही केलेले असो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७च्या सल्ल्याचा आणि अमेरिकन व युरोपीय श्वसनरोग संस्थांच्या २००३च्या संयुक्त निवेदनाचाही रोख हाच होता. कारण व्यवहारातले आहे. तीव्र कमतरता असलेला मनुष्य जोरात धूम्रपान करत असेल, तर त्याचा आजार साध्या सीओपीडीसारखाच दिसतो. पन्नाशीच्या पुढचा, सिगारेट ओढणारा, धाप लागणारा माणूस समोर आला की कारण आपल्याला मिळालेले असते आणि आपण पुढे शोधत नाही. धूर या प्रथिनाच्या ३५८व्या जागी असलेल्या मेथिओनिनचे ऑक्सिडीकरण करून त्याची पकडच ढिली करतो. त्यामुळे आधीच अपुरे असलेले प्रथिन निकामीही होते. सिगारेट हे कारण असणे आणि ही कमतरता असणे यांत विरोध नाही. ती एकमेकांना साथ देतात.

सर्वांची तपासणी शक्य नसेल आणि रांग लावावीच लागली, तर पुढे कोण? मी वयाआधी ‘हिशेब न जुळणे’ पाहतो. फुफ्फुस जितके झिजले आहे, तितके धूम्रपान झालेले नाही. दम्याचे निदान आहे, पण वर्षानुवर्षे इन्हेलर घेऊनही स्पायरोमेट्री पूर्ववत होत नाही. ब्रॉन्किएक्टेसिस आहे आणि त्याचे कारण मिळत नाही. भाऊ, बहीण किंवा आईवडिलांपैकी कोणाला तरुण वयात फुफ्फुसाचा किंवा यकृताचा आजार झाला आहे. यांपैकी एक गोष्टही मला पुरेशी वाटते. त्वचेखालची चरबी सुजून फुटणारा पॅनिक्युलायटिस आणि पीआर-३ प्रतिपिंडांचा व्हॅस्क्युलायटिस हेही याच यादीतले आहेत. ते क्वचित भेटतात, पण भेटले तर ही तपासणी आठवावी.

सीटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे चुकीचा दिलासा मिळतो. धूम्रपानाचा एम्फिसीमा बहुधा वरच्या भागात सुरू होतो आणि छोट्या छोट्या भोकांसारखा दिसतो. या कमतरतेत खालचे भाग आधी विरळ होतात आणि विरळपणा सलग असतो. चित्रात खालच्या खंडांतील रक्तवाहिन्या बारीक, ताणलेल्या आणि दूर दूर दिसतात. वेगळी भोके दाखवता येत नाहीत, सगळा प्रदेशच काळपट झालेला असतो. फुफ्फुसाच्या खालच्या भागात रक्तप्रवाह जास्त, म्हणून न्यूट्रोफिलही जास्त, असे त्याचे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. हे चित्र दिसले तर तपासणी करावीच. पण ते दिसले नाही म्हणून तपासणी टाळू नये. तीव्र कमतरतेच्या पुष्कळ रुग्णांत वरचे भागही बाधित असतात, आणि काहींत तर तेच अधिक असतात. रेडिओलॉजिस्टच्या अहवालात ‘वरच्या खंडांत प्रामुख्याने’ असे लिहिले आहे म्हणून सोडून दिलेले रुग्ण मी नंतर पाहिले आहेत. त्याचप्रमाणे सुरुवातीच्या काळात स्पायरोमेट्री जवळजवळ ठीक असते आणि वायुविनिमयाची क्षमता मोजणारी डीएलसीओ आधी खाली येते. चाळिशीतल्या माणसाची डीएलसीओ कारणाशिवाय कमी असेल, तर तोही इशारा समजावा.

आपल्या ४२ वर्षांच्या गृहस्थांसाठी मी माझ्या एका रुग्णाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, पण घोटाळ्याची जात तीच आहे.

ते ४१ वर्षांचे होते. सहा वर्षे दम्याचे म्हणून उपचार चालू होते. धूम्रपान रोज एक पाकीट या हिशेबाने सात वर्षे, आणि तिशीतच सोडलेले. एफईव्ही-१ अपेक्षित मूल्याच्या ४६ टक्के, ब्रॉन्कोडायलेटरनंतर त्यात नावाला फरक. डीएलसीओ ४१ टक्के. सीटीमध्ये दोन्ही खालचे खंड वर सांगितल्याप्रमाणे सलग विरळ. दोन वर्षांपूर्वी एका सजग डॉक्टरांनी त्यांची अल्फा-१ अँटीट्रिप्सिनची पातळी मोजली होती, आणि ती डेसिलीटरला २३ मिलिग्रॅम आली होती. म्हणजे निदान तिथेच, कागदावर होते. पुढे प्रयोगशाळेने जनुकीय चाचणी केली आणि अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहिले : ‘एस व झेड दोष आढळले नाहीत, जनुकरचना सामान्य.’ त्यानंतर फाईलमध्ये ‘कमतरता नाही’ अशी नोंद झाली आणि विषय संपला.

इथे चूक कोणती झाली ते पाहावे. नेहमीची जनुकीय चाचणी संपूर्ण जनुक वाचत नाही. ती फक्त दोन ठिकाणी पाहते, एसच्या जागी आणि झेडच्या जागी. तिथे दोष नसला की ती ‘एम’, म्हणजे सामान्य प्रकार, असे गृहीत धरते. या जनुकाचे शेकडो प्रकार नोंदवले गेले आहेत, आणि त्यांतील कित्येक पातळी खाली आणणारे आहेत. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत झेड इतका प्रबळ आहे की तिथे ही दोन जागांची चाचणी बहुतेक वेळा पुरते. इतर वंशांच्या लोकांत झेड विरळ असतो आणि कमतरता असलीच, तर ती एखाद्या दुर्मिळ प्रकारामुळे असण्याचा संभव तुलनेने वाढतो. जपानमधील रुग्णांत आढळणारा सीयामा हा त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. म्हणून पातळी आणि जनुकीय अहवाल यांचे भांडण झाले, तर पातळीवर विश्वास ठेवावा आणि जनुक पूर्ण वाचून घ्यावे. पातळी २३ आणि जनुक ‘सामान्य’ हे दोन्ही एका वेळी खरे असू शकत नाही, निदान मूत्रातून किंवा आतड्यातून प्रथिने वाहून जात नसतील तर नाही. या गृहस्थांचे अल्ब्युमिन ४.३ होते, लघवीत प्रथिन नव्हते. वाहून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

जनुकाचे पूर्ण वाचन केल्यावर दोन्ही प्रतींत एमॉल्टन हा प्रकार सापडला. त्यात ५२व्या जागेजवळचे एक फेनिलअॅलानिन गळलेले असते. हे प्रथिनही झेडसारखेच यकृतात माळा करून साठते. त्यामुळे त्यांच्या यकृताकडे पाहणे ओघानेच आले. एएलटी ५८ होते. ‘वजन वाढले असेल’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष झाले होते. इलास्टोग्राफीत यकृत थोडे कडक लागले. फुफ्फुसाचा रुग्ण म्हणून आलेला माणूस यकृताचाही रुग्ण निघाला, आणि तो दुवा पातळीने जोडला नाही, प्रकाराने जोडला.

जुनी फाईल चाळताना आणखी एक कागद सापडला. चार वर्षांपूर्वी कंबरदुखीसाठी कोणीतरी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस केले होते. आलेखात अल्ब्युमिनचा उंच सुळका होता, आणि त्याच्या लगेच पुढे जिथे अल्फा-१ची छोटी टेकडी असायला हवी, तिथे सपाट जमीन होती. रेषा थेट अल्फा-२च्या चढाला लागली होती. अल्फा-१ पट्ट्याचा बहुतांश भाग हेच प्रथिन असते, त्यामुळे टेकडी नाही म्हणजे प्रथिन नाही. अहवालात मात्र एकच वाक्य होते : ‘मोनोक्लोनल पट्टा नाही.’ विचारले होते त्याचे उत्तर मिळाले होते. गंमत अशी की हा आजार मुळात असाच सापडला. १९६३मध्ये स्वीडनमधील लॉरेल आणि एरिक्सन यांनी इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्ट्या पाहताना काही रुग्णांत अल्फा-१ पट्टा नसल्याचे टिपले, आणि त्यांतल्या काहींना कमी वयात एम्फिसीमा होता. ती सपाट जमीन आजही अहवालांत येते, पाहणारा डोळा हवा. आपल्याकडे यकृताच्या किंवा इतर कारणाने इलेक्ट्रोफोरेसिस झालेले रुग्ण असतील, तर मजकूर वाचून आलेख घडी घालून ठेवू नये.

आता आकड्यांचा अर्थ. नेफेलोमेट्री या आजच्या पद्धतीने डेसिलीटरला साधारण ९० ते २०० मिलिग्रॅम अशी मर्यादा प्रयोगशाळा छापतात. फुफ्फुसाच्या संरक्षणासाठी मानला जाणारा उंबरठा लिटरला ११ मायक्रोमोल, म्हणजे याच पद्धतीने सुमारे ५७ मिलिग्रॅम, आहे. जुन्या लेखनात ८० हा आकडा भेटतो. तो जुन्या पद्धतीचा आहे आणि या दोहोंची सरमिसळ करू नये. दोन्ही प्रती झेड असतील, तर पातळी बहुधा ३५च्या आसपास किंवा खाली असते. एक चांगली आणि एक झेड असेल, तर ती साधारण ६० ते १०० यांच्या दरम्यान घुटमळते आणि बऱ्याचदा प्रयोगशाळेच्या ‘सामान्य’ पट्ट्यात शिरते. म्हणून मी छापील खालच्या मर्यादेकडे पाहत नाही. ११०पेक्षा कमी आकडा आला की पुढची चाचणी करतो. अहवाल लिटरला ग्रॅममध्ये असेल, तर हाच आकडा १.१ होतो, एकक न पाहता वाचल्यामुळे झालेले घोटाळेही मी पाहिले आहेत.

दुसरी अडचण अशी की हे प्रथिन दाहाच्या काळात वाढते. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, गर्भारपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, यांपैकी काहीही चालू असेल, तर पातळी खऱ्या पातळीहून बरीच वर जाते. दोन्ही प्रती झेड असलेल्याची पातळी मात्र अशा वेळीही फार चढत नाही, कारण जास्तीचे बनलेले प्रथिनही यकृतातच अडकते. एका झेड प्रतीच्या वाहकाची पातळी चांगल्या प्रतीच्या जोरावर सहज ११०, १२०पर्यंत जाते. यासाठी पातळीसोबत त्याच नमुन्यातून सीआरपी मोजावे. सीआरपीशिवाय आलेल्या ‘सामान्य’ पातळीला, विशेषतः रुग्णालयात दाखल असताना घेतलेल्या नमुन्याला, मी फारसे महत्त्व देत नाही.

आता आपल्या बाई. इथे प्रश्न ‘कोणता’ हा आहे.

यकृताच्या रुग्णांत कोणाची तपासणी करावी, याचे पुस्तकी उत्तर ‘कारण न सापडणारा यकृतविकार’ असे आहे, आणि ते बरोबरच आहे. वाढलेली एन्झाइम सहा महिन्यांहून अधिक काळ, सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग, आणि हिपॅटायटिस, स्वप्रतिकारक आजार, लोह व तांबे यांच्या तपासण्या निगेटिव्ह, अशा प्रत्येकाची एकदा तपासणी व्हावी. पण ‘कारण सापडले’ असे आपण केव्हा म्हणतो, याबद्दल मला शंका आहे. वजन जास्त असले की चरबीचे यकृत, दारू घेतली की दारूचे यकृत, आणि शोध तिथे थांबतो. एक झेड प्रत एरवी निरोगी माणसाच्या यकृताला सहसा फार त्रास देत नाही. पण चरबी किंवा दारूच्या जोडीला आली की सिरोसिसचा धोका स्पष्टपणे वाढवते, हे आता अनेक पाहण्यांतून दिसले आहे. म्हणून कारण माहीत असूनही यकृत जेव्हा त्या कारणाच्या मानाने फारच पुढे गेलेले दिसते, तेव्हाही मी तपासणी करतो. दोन माणसांचे वजन आणि मधुमेह सारखाच असताना एकाच्या यकृतात नुसती चरबी आणि दुसऱ्याचे यकृत घट्ट, जलोदर झालेले, असे का, याचे उत्तर काही वेळा इथे मिळते.

लहान मुलांविषयी थोडक्यात. कावीळ चौदा दिवसांहून अधिक टिकली आणि थेट बिलिरुबिन वाढलेले असेल, तर पहिल्या फेरीतच ही तपासणी असावी, कारण झेडझेड बाळाची शौच फिकट होऊन चित्र हुबेहूब पित्तनलिका बंद असल्यासारखे दिसू शकते. मात्र या अहवालाची वाट पाहत पित्तनलिकांच्या शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये. स्वीडनमध्ये १९७२ ते १९७४ या काळात सुमारे २ लाख नवजात बालकांची तपासणी झाली. तीव्र कमतरतेच्या मुलांपैकी साधारण दहांत एकाला अशी लांबलेली कावीळ झाली, आणि बहुतेक मुले पुढे चांगली वाढली. ‘जनुकीय यकृतरोग’ हे शब्द ऐकून हादरलेल्या पालकांना ही दुसरी बाजूही सांगावी.

बाईंच्या ११२कडे परत येतो. दोन्ही प्रती झेड असलेल्या बाईंची पातळी ११२पर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य आहे, तेव्हा ती शक्यता बाजूला ठेवता येते. याला एक अपवाद आहे आणि सिरोसिसच्या रुग्णांत तो आवर्जून आठवावा : अलीकडे त्यांना रक्तस्रावासाठी प्लाझ्मा दिला होता का? प्लाझ्मासोबत दात्याचे प्रथिनही येते. त्याचे अर्धे आयुष्य चार ते पाच दिवसांचे असते, त्यामुळे महिनाभर थांबून पुन्हा नमुना घेतला तर खरा आकडा मिळतो. प्लाझ्मा दिलेला नसेल, तर पुढचे प्रश्न असे की नमुना घेतला तेव्हा सीआरपी वाढलेले होते का, पोटातील पाण्याला संसर्ग होता का, आणि रजोनिवृत्तीनंतरचे हार्मोन चालू आहेत का. यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर ११२च्या मागे ७५ किंवा ८० लपलेले असू शकतात. दाह नसताना पुन्हा मोजावे. पण माझे स्पष्ट मत असे की यकृताच्या रुग्णात पातळीच्या पुन्हा पुन्हा मोजमापात वेळ घालवण्यापेक्षा सरळ प्रकार पाहावा. जनुकीय चाचणीवर दाहाचा, हार्मोनचा किंवा प्लाझ्माचा परिणाम होत नाही. जेलवर प्रथिनाचे पट्टे पाहणारी फेनोटाइप चाचणीही चालते, पण प्लाझ्मा दिल्यावर तीही फसते, आणि पट्टे वाचायला सरावलेला माणूस लागतो.

बाईंची बायोप्सी आधीच झाली असेल, तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून एक गोष्ट विचारावी : डायास्टेज वापरून पीएएस रंग दिला होता का? साठलेले प्रथिन पोर्टल भागाच्या कडेच्या पेशींत गुलाबी-जांभळ्या गोल गोळ्यांसारखे दिसते, आणि डायास्टेजने ग्लायकोजेन धुऊन गेल्यावरही तसेच राहते. साध्या रंगात हे गोळे फिकट असतात आणि न शोधणाऱ्याला दिसत नाहीत. गोळे दिसले, तर तपासणीची गरज ठरली. गोळे दिसले नाहीत, तरी ती टळत नाही. ते सगळीकडे सारखे पसरलेले नसतात आणि बायोप्सीचा तुकडा छोटा असतो.

चाचणीत एक झेड प्रत निघाली, तर बाईंना काय सांगायचे, हेही आधी ठरवून ठेवावे. ‘तुमच्या सिरोसिसचे कारण सापडले’ असे सांगणे बरोबर नाही. चरबी हे कारण आणि झेड ही त्याची साथीदार, असे म्हणणे अधिक खरे ठरते. त्यामुळे वजन व साखर यांच्यावरचे उपचार बदलत नाहीत, उलट त्यांची निकड वाढते. फुफ्फुसासाठी शिरेतून आठवड्याला किलोमागे ६० मिलिग्रॅम दिले जाणारे अल्फा-१ अँटीट्रिप्सिन त्यांच्यासाठी नाही. ते तीव्र कमतरता आणि एम्फिसीमा असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्यांसाठी आहे, फुफ्फुसाचा ऱ्हास मंदावते, आणि यकृतातील साठ्यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. हा गैरसमज रुग्णांत आणि कधी कधी आपल्यातही दिसतो.

नातेवाइकांविषयी. तीव्र कमतरतेच्या रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची तपासणी सर्वांत आधी करावी, कारण आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक भावंडाला तशीच कमतरता असण्याची शक्यता चारांत एक असते. माझ्या त्या रुग्णाच्या ३८ वर्षांच्या धाकट्या भावाला कोणतीही तक्रार नव्हती. त्याची पातळी २५ आली. स्पायरोमेट्री ठीक होती, डीएलसीओ ६८ टक्क्यांवर आली होती, आणि तो दिवसाला दहा सिगारेट ओढत होता. त्याला थोरल्या भावाची सीटी स्वतःच्या सीटीशेजारी ठेवून दाखवली. बहिणीची पातळी ७१ होती, म्हणजे एकच प्रत. तिला मद्य आणि वजन याबद्दल सांगितले आणि एकदा यकृत तपासून घेतले.

शेवटी मागणीपत्राबद्दल, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. यकृताच्या रुग्णांत ‘अल्फा’ एवढेच ऐकून अल्फा-फीटोप्रोटीन मोजले गेल्याचे माझ्याच रुग्णांत घडले आहे. शौचातील अल्फा-१ अँटीट्रिप्सिन ही तर आतड्यातून प्रथिने गळतात का हे पाहण्याची निराळीच चाचणी आहे. गृहस्थांसाठी लिहावे : ‘रक्तातील अल्फा-१ अँटीट्रिप्सिनची पातळी, त्याच नमुन्यातून सीआरपी, पातळी ११०च्या खाली असल्यास एस व झेडची जनुकीय चाचणी, ती जुळत नसल्यास नमुना पूर्ण जनुकवाचनासाठी राखून ठेवावा.’ बाईंसाठी लिहावे : ‘पातळी काहीही असली तरी एस व झेडची जनुकीय चाचणी’, आणि त्याखाली अलीकडे प्लाझ्मा दिला असल्यास त्याची तारीख. त्यांचे यकृत प्रत्यारोपण झालेले असेल किंवा पुढे झाले, तर तेही लिहावे. त्यानंतर रक्तातील प्रथिन दात्याच्या यकृताचे असते आणि जनुक मात्र त्यांचे स्वतःचे, त्यामुळे पातळी आणि जनुकीय अहवाल न जुळणे तेव्हा अपेक्षितच असते.